रुमालाखालचा भाव

माझी भाची जुन्या नाशकात राहते. घरूनच येवल्याच्या पैठण्या विकते. दुकान नाही, पाटी नाही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे, कुणी विचारलं की बोलणं करायचं, पैसे आले की कुरिअर करायचं. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिने मला फोन करून बोलावून घेतलं. गेलो तर मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामू, तुम्हीच वाचा आणि सांगा मी काय उत्तर देऊ."

सिन्नरच्या एका शिक्षिकेचा मेसेज होता. आवाज चढवलेला नव्हता, एकही वाकडा शब्द नव्हता. "ताई, मी तुमच्याकडून जी साडी १२,८०० ला घेतली, तीच माझ्या नणंदेला तुम्ही ११,५०० ला दिली. तिने घासाघीस केली, मी केली नाही. माझी चूक काय झाली, एवढंच सांगा."

भाचीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. चूक त्या बाईंची नव्हतीच. विश्वास ठेवला म्हणून त्यांना १,३०० रुपये जास्त पडले होते. मी भाचीला विचारलं, "तू भाव आधी का लिहीत नाहीस?" ती म्हणाली, "सगळेच लिहीत नाहीत. 'किंमत इनबॉक्समध्ये' असंच लिहितात. भाव वाचून गिऱ्हाईक पळतं. इनबॉक्समध्ये आलं की बोलता येतं."

हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच विक्रेत्यांकडून ऐकलं आहे. माझं मत असं की ते दोन बाजूंनी चुकीचं आहे. गिऱ्हाइकाला ते अपमानास्पद वाटतं हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने विक्रीही कमी होते. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. भाचीच्या जुन्या चॅट्स घेऊन आम्ही दोघं दोन संध्याकाळ बसलो, आणि जे दिसलं ते सांगतो.

एका महिन्यात ५२ जणांनी भाव विचारला होता. बहुतेकांनी फोटोखाली एकच शब्द लिहिलेला, "प्राइस?" भाचीने प्रत्येकाखाली "इनबॉक्स केलंय" असं लिहून त्यांना मेसेज पाठवला होता. त्यातल्या १९ जणांनी तो मेसेज उघडलाच नव्हता. भाचीला वाटलं होतं त्यांना साडी नको असावी. कारण वेगळंच निघालं. आपल्याला फॉलो न करणाऱ्या माणसाला आपण मेसेज पाठवला, तर तो त्याच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये पडत नाही, 'रिक्वेस्ट'च्या वेगळ्या कप्प्यात पडतो. तो कप्पा पुष्कळ लोक महिनोन् महिने उघडत नाहीत. म्हणजे १९ जणांनी भाव विचारला, भाचीने उत्तर दिलं, आणि ते उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. तोच आकडा फोटोखाली लिहिला असता तर सगळ्यांनी वाचला असता.

उरलेल्या ३३ जणांशी झालेलं बोलणं वाचताना मला माझ्याच भाचीचा थोडा राग आला. गिऱ्हाईक विचारतं, "प्राइस?" ती लिहिते, "हॅलो मॅम, कुठून बोलताय?" ते सांगतात. मग ती, "कशासाठी हवी आहे? लग्नासाठी का?" मग, "तुमचं बजेट किती?" चौथ्या-पाचव्या मेसेजनंतर भाव. तोपर्यंत निम्मे लोक गप्प झालेले. ज्यांना भाव कळला त्यांनाही एकच आकडा कळला नव्हता. प्रोफाइलवर दुबई दिसलं की १३,५००, पुण्याची सोसायटी दिसली की १२,८००, साधा फोटो असला की १२,०००. तिने हे ठरवून केलेलं नव्हतं. हातून होत गेलं होतं. पण चॅट्स एकाखाली एक वाचल्या की ते लपत नाही. ५२ पैकी ४ विक्री झाल्या होत्या, आणि त्या चारपैकी दोन सिन्नरच्या या नणंद-भावजया.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं येवल्याला निघालो. नाशिकहून निफाड, विंचूर करत रस्ता जातो. विंचूरला लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि लिलाव चालू होता. आम्ही गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं पाहिलं. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरपाशी येतो, कांदा हातात घेऊन पाहतो, बोली मोठ्याने होते, भाव ठरतो, चिठ्ठी लिहिली जाते, घोळका पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकतो. शेजारच्या शेतकऱ्याला आपल्या बाजूवाल्याला काय मिळालं ते ऐकू येतं. मिळालेला भाव त्याला पुरेसा वाटतो असं नाही, तो चिडतोही. पण भाव कानावर पडतो.

मी भाचीला जनावरांच्या बाजारातली जुनी रीत सांगितली. दलाल आणि घेणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात. बोटं दाबून आकडा सांगतात, बोटं दाबूनच नकार देतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. गुळाच्या, धान्याच्या बाजारांतही पूर्वी हे चालायचं. रुमालाखाली काय झालं ते मालकाला कळत नसे, म्हणूनच आपल्याकडे १९६३ च्या कायद्याने चालणाऱ्या बाजार समित्यांत उघड लिलावाची रीत आली. "तुझा इनबॉक्स," मी म्हटलं, "म्हणजे तो रुमाल आहे." ती हसली नाही. म्हणाली, "पण मामू, रुमालाखाली दलालाला फायदा होतोच की."

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर हिशेबातूनच द्यायला हवं होतं. येवल्याहून परतल्यावर आम्ही एका साडीचा हिशेब मांडला. हातमागाची, सिंगल मुनिया काठाची, पदरावर मोर असलेली साडी तिला विणकराकडून ९,२०० ला पडते. कुरिअर २००, खोका १००, फॉल-बीडिंग १५०. क्वचित परत येणारी साडी, फोटोंचा खर्च, मोबाइलचं बिल यांचा वाटा म्हणून आम्ही ३५० धरले. झाले १०,०००. साडी ११,५०० ला गेली तर तिच्या हातात १,५०० राहतात. आजवर तिने हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. म्हणून ती १२,८०० सांगायची आणि गिऱ्हाईक ओढेल तिथपर्यंत खाली यायची. एकदा तर ती १०,२०० ला उतरली होती, आणि महिनाभर मेहनत करून २०० रुपये कमावल्याचं तिला कळलंही नव्हतं.

माझ्या मते भाव लपवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा इथे असतं. विक्रेत्याला आपला स्वतःचा भाव माहीत नसतो. त्यामुळे तो समोरच्याचा चेहरा पाहून ठरवावा लागतो, आणि चेहरा दिसेपर्यंत बोलणं लांबवावं लागतं. भाव आधी आपल्या वहीत पक्का झाला, तर तो सांगायला लाज वाटत नाही.

मग आम्ही उत्तर लिहायला बसलो. पहिलं ठरवलं ते असं की फोटोखालीच भाव लिहायचा. एका साडीचा फोटो असेल तर एकच आकडा, आणि चार साड्यांचा असेल तर सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त. दुसरं म्हणजे इनबॉक्समध्ये कुणी विचारलंच तर पहिल्याच उत्तरात आकडा द्यायचा, आणि तो आकडा शेवटचा असायचा. कुरिअर वेगळं, फॉल वेगळा असं नंतर निघायला नको. तयार झालेलं उत्तर हे:

"येवल्याची हातमागाची पैठणी, सिंगल मुनिया काठ, पदरावर मोर. ११,५०० रुपये. महाराष्ट्रात कुरिअर आणि फॉल-बीडिंग त्यातच आलं, ब्लाउज पीस साडीला आहे. ही एकच तयार आहे. उलट्या बाजूचा फोटो सोबत पाठवते. कार्यक्रमाची तारीख सांगितलीत तर वेळेत पोचेल का ते लगेच सांगते."

यातला उलट्या बाजूचा फोटो सगळ्यांत जास्त कामाला आला. भाचीला दर दोन दिवसांनी एकजण लिहितो, "दुसरीकडे ३,००० ला मिळते." मिळते, खोटं नाही. ती यंत्रमागावरची सेमी पैठणी असते, आणि समोरून फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. फरक मागे दिसतो. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या-त्या जागीच गुंफलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे धागे आडवे लोंबकळतात किंवा कापलेले दिसतात. भाची आधी या प्रश्नावर चिडून "मग तिथूनच घ्या" असं लिहायची. आता ती मागचा फोटो आकड्यासोबतच पाठवते आणि म्हणते, "तिथल्या साडीचाही मागचा फोटो मागवून पाहा." काही लोक खरंच मागवतात. काही ३,००० चीच घेतात, आणि त्यांना तीच हवी होती. आकड्यासोबत आकड्याचं कारण गेलं तर भावावरचा अर्धा वाद उद्भवतच नाही.

शेवटचा प्रश्नही आम्ही विचार करून ठेवला. "बजेट किती?" या प्रश्नाने माणूस सावध होतो. आपला खिसा चाचपला जातोय असं त्याला वाटतं. "कार्यक्रम कधी आहे?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच उपयोगाचं असतं. साडी वेळेत न पोचण्याची भीती त्याला असतेच. आणि ज्याने तारीख सांगितली तो बहुतेक वेळा घेणारा असतो, हे आम्हाला पुढे दिसलं.

हे उत्तर व्हॉट्सॲप बिझनेसच्या 'क्विक रिप्लाय'मध्ये आणि इन्स्टाग्रामच्या 'सेव्ह्ड रिप्लाय'मध्ये साठवून ठेवता येतं. प्रत्येक साडीसाठी फक्त ओळखीची ओळ आणि आकडा बदलायचा. याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. तयार उत्तर सगळ्यांना सारखंच जातं. प्रोफाइल पाहून आकडा बदलण्याचा मोह उरत नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. भाचीच्या दुकानाच्या नावात तिचं स्वतःचं नाव आहे, आणि ते मुसलमान नाव आहे. गिऱ्हाईक बहुतांश हिंदू. भाव लपवलेला असताना तिला सतत वाटायचं की नाव वाचून लोक जात असतील. काहीजण जातही असतील, त्यावर तिचा इलाज नाही. पण प्रश्नांची सरबत्ती आणि उशिरा येणारा भाव यांनी तिने स्वतःच संशयाला जागा करून दिली होती. आकडा, कारण आणि मागचा फोटो पहिल्याच उत्तरात गेल्यावर बोलणं साडीबद्दल होतं, तिच्याबद्दल होत नाही. अनोळखी माणसाकडे ज्याला कमी सवलत मिळते, त्याने तर भाव सगळ्यांआधी सांगावा.

आमच्या मोहल्ल्यात यावर एक आक्षेप आला. घासाघीस काय नाजायज आहे का? नाही. फिकहमध्ये भाव ओढून ठरवलेल्या सौद्याला मुसावमा म्हणतात आणि तो जायज आहे. आपली खरेदी आणि नफा दोन्ही सांगून केलेल्या विक्रीला मुराबहा म्हणतात. दोन्हींत सौदा पक्का होताना किंमत दोघांना ठाऊक असायला हवी, ती अंधारात राहिली तर सौद्यातच दोष येतो. मला यातला फरक दुसऱ्या कारणासाठी उपयोगी वाटला. भाव उघड सांगणं म्हणजे खरेदी उघड करणं नव्हे. "तुम्हाला कितीला पडली?" असं गिऱ्हाइकाने विचारलं तर ते सांगायला भाची बांधलेली नाही. मात्र सांगायचं ठरवलं तर खरंच सांगायला हवं. "मलाच ११,००० ला पडली हो" हे वाक्य आम्ही तिच्या चॅट्समध्ये तीनदा वाचलं. ते तिने बंद केलं.

घासाघिशीचं काय करायचं? आम्ही एकच नियम ठेवला. तीच साडी कमी भावात नाही, कमी भावात दुसरी साडी. "१०,००० ला द्या ना" असं कुणी म्हटलं तर उत्तर जातं, "ही ११,५०० लाच आहे, सगळ्यांना. १०,००० च्या आत साधा नारळी काठ आणि छोटा पदर असलेली हातमागाचीच मिळेल, फोटो पाठवू का?" सणाला सूट द्यायची असेल तर ती फोटोखाली लिहून सगळ्यांना द्यायची. यात काही गिऱ्हाइकं जातात. ५०० रुपये कमी केले असते तर राहिली असती अशीही काही जातात, हे मान्य केलं पाहिजे. पण १,५०० च्या नफ्यातून ५०० गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला, आणि ज्याने मागितले नाहीत त्याच्यावर अन्याय झाला तो वेगळाच.

सगळ्याच मालाला एक आकडा लावता येत नाही, हेही खरं. कुणाला रंग वेगळा हवा असतो, काठ तिहेरी मुनियाचा हवा असतो. तेव्हा भाची पूर्वी "ते डिपेंड करतं" असं लिहायची. ते उत्तर नव्हे. आता ती लिहिते, "साधारण १४,००० ते २२,०००. काठ आणि पदर किती भरलेला हवा यावर ठरेल. हे दोन्ही सांगा, विणकराला विचारून उद्या दुपारपर्यंत एकच आकडा आणि किती दिवस लागतील ते सांगते." दोन टोकं सांगितली, ती कशाने हलतात ते सांगितलं आणि पक्का आकडा कधी मिळेल ते सांगितलं, तर माणूस थांबतो. मात्र पक्का आकडा त्या दोन टोकांच्या आतच यायला हवा. एकदा तो २३,५०० आला, तेव्हा भाचीने आधी माफी मागितली, मग आकडा सांगितला. ते गिऱ्हाईक गेलं.

स्पर्धकाची भीती मला फारशी पटत नाही. "भाव लिहिला तर दुसरा ५०० कमी लावेल." लावतो. पण तोच दुसरा गिऱ्हाईक बनून इनबॉक्समध्येही भाव विचारू शकतो, आणि विचारतोच. रुमालाने स्पर्धक अडत नाही, गिऱ्हाईक अडतं.

आणखी एक. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकणाऱ्यांनी डिलिव्हरी, कर वगैरे धरून एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी, असं २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम सांगतात. आधी कमी भाव दाखवून शेवटी खर्च वाढवत नेणं, आणि "शेवटचाच नग, आत्ताच घ्या" अशी खोटी घाई करणं, या दोन्हींना २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांच्या यादीत घातलं आहे. गिऱ्हाइकाची सवय अशा बाजारांत घडते, आणि तीच सवय घेऊन तो भाचीच्या इनबॉक्समध्ये येतो. एकच साडी असेल तर "एकच आहे" म्हणावं. दुसरी मागावर असेल तर तेही सांगावं.

आता आकडे. भाव लिहायला लागल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात विचारणारे ५२ वरून ३१ वर आले. भाची घाबरली. पण विक्री ४ वरून ६ झाली, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ५. हे फार मोठे आकडे नाहीत, आणि लग्नसराई जवळ आली की विक्री तशीही वाढते. म्हणून मी तिला एक वही घालून दिली आहे. त्यात तीन रकाने आहेत: विचारलं, तारीख सांगितली, पैसे दिले. विचारणारे कमी झाले आणि पैसे देणारे तेवढेच राहिले, तर काही बिघडलेलं नाही, तिचा वेळ वाचला. विचारतात, तारीख सांगतात आणि मग गप्प होतात, तर उत्तरात काहीतरी राहून गेलंय. एका महिन्यात चौघांनी "परत घेता का?" असं विचारलं, तेव्हा ती ओळ उत्तरात घातली: फॉल लावण्याआधी तीन दिवसांत परत, लावल्यावर नाही. तेव्हापासून फॉल लावायचा की नाही हे ती पैसे घेण्याआधी विचारते.

सिन्नरच्या शिक्षिकेचं सांगायचं राहिलं. त्या रात्री मी भाचीला सुचवलं होतं की काहीतरी कारण सांगून वेळ मारून ने. हे मी लपवत नाही. तिने माझं ऐकलं नाही. तिने लिहिलं, "ताई, चूक तुमची नाही, माझी आहे. दोघींना एकच भाव लावायला हवा होता." आणि १,३०० रुपये परत पाठवले. बाईंनी अंगठ्याची खूण पाठवली, बाकी काही नाही. त्यानंतर त्यांच्याकडून काही मागणी आलेली नाही. नणंदेकडून एक आली. तिने पहिल्यांदाच काही कमी करायला सांगितलं नाही. फोटोखालचा आकडा वाचला आणि कार्यक्रमाची तारीख कळवली.